बिलासोबतच्या ईमेलमधील देय तारीख चुकीची वाचली गेली : मजकूर कसा लिहावा?

मायक्रॉन
नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत माझी मोजमाप उपकरणे कॅलिब्रेट करून देणारी छोटी प्रयोगशाळा आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज अशी कामे असतात. उद्यम नोंदणी आहे आणि मालकी माझ्या एकटीची आहे. चाकणच्या एका कंपनीला मी ९ जून २०२५ रोजी बिल पाठवले. कामाचे ६४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,५२० रुपये, असे एकूण ७५,५२० रुपये. त्यांच्या खरेदी आदेशात, म्हणजे पीओमध्ये, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांची मुदत लिहिलेली आहे, म्हणजे ९ जुलैला पैसे यायला हवे होते. आज ११ ऑगस्ट उजाडला तरी ते आलेले नाहीत.

शेवटी मी फोन केला, तेव्हा त्यांच्या हिशेब विभागातील मुलीने अगदी शांतपणे सांगितले की, तुमचे बिल ७ सप्टेंबरला देय आहे. मला आधी ती टोलवाटोलवी वाटली. नंतर माझा ईमेल उघडून पाहिला तेव्हा चूक लक्षात आली. मी लिहिले होते, "पेमेंट ३० दिवस, ड्यू डेट 09/07/25". त्यांची कंपनी अमेरिकन गटाची असून बिलांची नोंद करणारे सॉफ्टवेअर तिकडच्या पद्धतीने महिना आधी वाचते. त्यामुळे ९ जुलैचे ७ सप्टेंबर झाले. योगायोग असा की ९ जून ते ७ सप्टेंबर हे बरोबर ९० दिवस भरतात आणि त्यांच्या इतर अनेक पुरवठादारांना ९० दिवसांचीच मुदत असल्यामुळे कोणालाही शंका आली नाही.

बिलाची पीडीएफ मी जोडली होती, पण तिच्यावर बिलाची तारीख "09-Jun-2025" अशी असली तरी देय तारीख छापलेलीच नव्हती. ती फक्त ईमेलमध्ये होती. तेव्हा हा मजकूर दुसरा अर्थ निघणारच नाही असा कसा लिहावा, हे जाणकारांनी सांगावे. बँकेच्या तपशिलाबाबतही सांगावे, कारण तिथेही एकदा घोळ झालेला आहे. तो नंतर लिहिते.

मुद्दल
ताई, एवढा विचार करण्याची गरज नाही. तुम्ही उद्यम नोंदणीकृत आहात, म्हणून सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे तुम्हाला ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत. प्रत्येक ईमेलच्या शेवटी "एमएसएमई कायद्यानुसार ४५ दिवसांत पेमेंट बंधनकारक" असे ठळक अक्षरांत लिहा. आयकराचे ४३बी(एच) कलम आल्यापासून मोठ्या कंपन्या या ओळीला घाबरतात. तारखेचा प्रश्नच उरत नाही.

खतावणी
मुद्दल यांचे निम्मे बरोबर आहे, पण नेमके उरलेले निम्मे मायक्रॉन यांचे नुकसान करील. २००६ च्या त्या कायद्यातील कलम १५ प्रमाणे ४५ दिवस ही कमाल मर्यादा आहे. लेखी करारात त्याहून कमी मुदत ठरली असेल तर तीच लागू होते आणि लेखी काहीच ठरलेले नसेल तर १५ दिवस धरले जातात. मायक्रॉन यांच्या पीओत ३० दिवस लिहिलेले आहेत. त्यांनी स्वतःच ईमेलमध्ये ४५ लिहिले, तर हातातले १५ दिवस आपणहून सोडून दिल्यासारखे होईल आणि एका बिलाबाबत ३० व ४५ अशा दोन मुदती कागदावर येतील. दोन आकडे दिसले की हिशेब विभागातील माणूस लांबचा आकडा उचलतो. मी अकरा वर्षे एका उत्पादन कंपनीत पुरवठादारांची बिले चुकती करण्याच्या विभागात आहे. आम्ही हे दुष्टपणाने करत नाही, पण करतो.

आणखी एक गोष्ट. कायद्यातील दिवस माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजले जातात, बिलाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून "कायद्यानुसार अमुक दिवस" या वाक्यातून निश्चित तारीख निघत नाही. तुम्हाला हवी आहे ती तारीख.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. "३० दिवस" या दोन शब्दांना आमच्या टेबलावर किमान तीन अर्थ असतात. बिलावरील तारखेपासून, बिल आमच्याकडे नोंदवले गेले त्या दिवसापासून, आणि काम पूर्ण झाल्याची नोंद आमच्या कारखान्याने केली त्या दिवसापासून. तुम्ही बिल सोमवारी काढून ईमेल गुरुवारी पाठवलात, तर पहिल्या दोन अर्थांत तिथेच तीन दिवसांचा फरक पडतो. म्हणून ईमेलमध्ये दिवसांची संख्या एकटी कधीही लिहू नये. आधी पूर्ण तारीख लिहावी आणि ती कशावरून काढली हे त्याच वाक्यात सांगावे. महिना अक्षरांत लिहावा आणि वार जरूर लिहावा. "बुधवार, 9 जुलै 2025" असे लिहिले असते तर वाचणाऱ्याला चूक करायला जागाच उरली नसती. समजा कोणी चुकून ७ सप्टेंबर नोंदवले असते, तरी तो रविवार आहे, तेव्हा वार जुळत नाही हे कोणाच्या तरी डोळ्यांना खुपले असते.

मायक्रॉन
वाराची कल्पना माझ्या मनातही आली नव्हती. जुनी बिले काढून पाहिली, तेव्हा हा घोळ आजवर का झाला नाही तेही कळले. माझी बहुतेक बिले महिन्याच्या उत्तरार्धात निघतात. 23/07/25 असे लिहिले तर तेविसावा महिना नसल्यामुळे सॉफ्टवेअरला ते उलटे वाचताच येत नाही. तारीख १ ते १२ च्या दरम्यान असली की मात्र दोन्ही अर्थ लागतात.

आता बँकेचा घोळ. माझे खाते ज्या बँकेत होते तिचे २०२० मध्ये दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले आणि शाखेचा आयएफएससी बदलला. मी ईमेलच्या साच्यात नवा कोड घातला, पण बिलाच्या साच्यात तळाशी जुनाच राहिला. जवळजवळ वर्षभर दोन्ही कोड सोबत जात होते. जुने कोड बँकेने चालू ठेवले होते तोवर कोणाच्या लक्षात आले नाही. ते बंद झाल्यावर एका ग्राहकाचे पैसे परत गेले आणि त्याने मला कळवलेही नाही.

उसाचाफड
माझाही प्रश्न इथेच विचारतो. मी एका सहकारी साखर कारखान्याला पंपांचे सुटे भाग पुरवतो. त्यांच्याकडे माझे सात महिन्यांपासूनचे बिल अडकले आहे. ईमेलमध्ये काय लिहिले म्हणजे ते पैसे सोडतील? व्याज लावण्याची धमकी द्यावी का? मी सगळा पत्रव्यवहार मराठीतच करतो.

खतावणी
उसाचाफड, तुमचा प्रश्न थकबाकी वसुलीचा आहे आणि इथली चर्चा बिल पहिल्यांदा पाठवतानाच्या मजकुराची आहे. सात महिने अडकलेल्या बिलाला मजकुराची दुरुस्ती पुरणार नाही. तुम्ही ते भाग स्वतः बनवता की विकत घेऊन विकता, हे आधी पाहा. निव्वळ व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी होते, पण ती प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरती असते, त्यामुळे विलंबित देण्यासंबंधीच्या तरतुदींचा आधार त्यांना तसा मिळत नाही. बनवत असाल आणि नोंदणी असेल तर विलंबित देण्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

मराठी पत्रव्यवहाराचा मुद्दा मात्र इथलाच आहे. पत्र खुशाल मराठीत लिहा, तारीखही "९ जुलै २०२५" अशी लिहा, पण खाते क्रमांक, आयएफएससी आणि बिलाचा क्रमांक नेहमी इंग्रजी अंकांतच द्या. ते आकडे कोणीतरी संगणकावर उतरवून घेणार असतो आणि घाईत देवनागरी १ व ९ यांची गल्लत होते. शिवाय देवनागरी आकडा उचलून चिकटवला तरी बँकेचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर तो बहुधा स्वीकारत नाही.

मुद्दल
४५ दिवसांबाबतची दुरुस्ती मान्य. पण कायद्याचा उल्लेख मुळीच नको, हे मला पटत नाही. मागच्या वर्षी माझ्या ओळखीच्या दोन कारखानदारांना केवळ त्या एका ओळीमुळे मार्चअखेर पैसे मिळाले, कारण मुदत उलटलेली देणी मार्चअखेर बाकी राहिली तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही.

खतावणी
उल्लेख करू नका असे मी म्हटलेले नाही. उद्यम क्रमांक बिलावर आणि ईमेलमध्ये जरूर लिहा, "सूक्ष्म, उत्पादक" किंवा "सूक्ष्म, सेवा" असा वर्गही लिहा, म्हणजे आमच्या नोंदीत तुमच्या नावापुढे खूण होते. पण पहिल्याच ईमेलमध्ये कलम आणि व्याज वाचले की आमचा साहेब ते बिल विधी विभागाकडे पाठवतो आणि तिथे ते आठवडाभर पडून राहते. निदान आमच्याकडे तरी असेच होते.

बँकेबाबत मायक्रॉन यांनी जे लिहिले तो सर्वात धोकादायक प्रकार आहे, कारण दोन ठिकाणी दोन तपशील आले की कोणता खरा हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही. यामागची गोष्ट समजून घ्या. मोठी कंपनी तुमच्या ईमेलमधील खाते क्रमांक पाहून पैसे पाठवतच नाही. पुरवठादार म्हणून नोंद करताना तुम्ही रद्द केलेला चेक दिलेला असतो, त्यावरून आमच्याकडे खाते नोंदवलेले असते आणि पैसे त्याच खात्यात जातात. ईमेलमधील क्रमांक त्याच्याशी जुळला नाही, तर आम्ही बिल थांबवतो. उलट छोटा ग्राहक ईमेलमधलाच क्रमांक बँकेच्या ॲपमध्ये टाकतो. म्हणून दोघांसाठी मजकूर वेगळा हवा. मोठ्या कंपनीला "आपल्याकडे नोंदवलेले, शेवटचे चार अंक अमुक असलेले खाते, त्यात बदल नाही" एवढेच लिहावे. छोट्या किंवा नव्या ग्राहकाला पूर्ण तपशील द्यावा.

बंदरावरचा
मी दुबईत एका लॉजिस्टिक कंपनीत आहे. शेवटचे चार अंक ही पद्धत मला मान्य नाही. आमच्याकडे कर्मचारी इतक्या वेळा बदलतात की "नोंदवलेले खाते" म्हणजे कोणते, हे नव्या माणसाला माहीत नसते आणि तो उलट ईमेल करून विचारतो, त्यात आठ दिवस जातात. शिवाय इथून भारतात पैसे पाठवताना फॉर्ममध्ये आयबॅन या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा रकाना असतो. भारतात आयबॅन नाही, त्यामुळे लोक तिथे काहीही भरतात. भारतातील पुरवठादाराने "आयबॅन लागू नाही, खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड वापरावा" अशी एक ओळ लिहिली तर आमचे काम सोपे होते.

खतावणी
परदेशी ग्राहकाला पूर्ण तपशील द्यावा, हे मान्य. आयबॅनची ओळ मलाही नवी आहे, ती चांगली आहे. देशातील मोठ्या कंपनीबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे, कारण दर ईमेलमध्ये पूर्ण तपशील फिरत राहिला की भामट्याला नक्कल करायला तयार नमुना मिळतो. पुरवठादाराच्या नावाने "आमचे खाते बदलले आहे" असा ईमेल येणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. त्यासाठी एक वाक्य कायम ठेवा : खाते बदलले तर आम्ही सही-शिक्क्याचे पत्र देऊ आणि आपण आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. "आधीपासून असलेल्या" हे शब्द गाळू नका. भामट्याच्या ईमेलमध्ये फोन क्रमांकही त्याचाच असतो.

खातेदाराचे नाव तंतोतंत बँकेत आहे तसेच लिहा. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात, नावावरून नव्हे, त्यामुळे एक अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला तर पैसे तिकडे जातात. आता रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय आली आहे. पण तुमच्या ईमेलमध्ये प्रयोगशाळेचे नाव असेल आणि खाते तुमच्या स्वतःच्या नावावर असेल, तर तीच सोय गोंधळ करील, कारण पडद्यावर भलतेच नाव पाहून माणूस थांबेल.

आणि बँकेचा तपशील चित्र म्हणून चिकटवू नका. आयएफएससीत अकरा अक्षरे असतात, पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य. चित्रावरून उतरवताना त्या शून्याचा इंग्रजी ओ होतो. साध्या मजकुरात टाइप केलेले असेल तर उचलून चिकटवता येते.

मायक्रॉन
या सगळ्यावरून जूनचा ईमेल पुन्हा लिहून पाहिला. त्यांना इंग्रजीत पाठवते, इथे मराठीत देते.

विषय : बिल SCL/25-26/0147, रु. 75,520, देय बुधवार 9 जुलै 2025, पीओ 31877

> महोदय,
>
> पीओ 31877 प्रमाणे पूर्ण केलेल्या कॅलिब्रेशन कामाचे सोमवार, 9 जून 2025 या तारखेचे बिल सोबत जोडले आहे.
>
> बिलाची एकूण रक्कम रु. 75,520 आहे (काम 64,000 अधिक जीएसटी 11,520). टीडीएस कापायचा असल्यास तो 64,000 या रकमेवर कापावा.
>
> ही रक्कम बुधवार, 9 जुलै 2025 रोजी किंवा त्यापूर्वी आमच्या खात्यात जमा व्हावी. ही तारीख पीओतील अटीप्रमाणे बिलाच्या तारखेपासून 30 दिवस मोजून काढली आहे.
>
> पैसे आपल्याकडे नोंदवलेल्या, शेवटचे चार अंक 4417 असलेल्या खात्यातच पाठवावेत. त्यात बदल झालेला नाही. खाते बदलल्यास आम्ही सही-शिक्क्याचे पत्र देऊ. आपण आपल्याकडे आधीपासून असलेल्या आमच्या फोन क्रमांकावर खात्री करावी.
>
> आपल्या नोंदीत देय तारीख वेगळी दिसत असल्यास कृपया या ईमेलला उत्तर देऊन कळवावे.

टीडीएसबाबत एक अडचण आहे. काही ग्राहक एक टक्का कापतात, काही दोन टक्के. पूर्वी मी ईमेलमध्ये दोन टक्के, म्हणजे १,२८० रुपये, वजा करून "७४,२४० रुपये देय" असे लिहीत होते.

खतावणी
तसे लिहिणे बंद केलेत ते उत्तम. बिलावर ७५,५२० आणि ईमेलमध्ये ७४,२४० दिसले की बिल दुरुस्त झाले की काय, असा प्रश्न पडतो. दर कोणता लावायचा हे कापणारा ठरवतो आणि तुमच्या कामाला एक की दोन, यावर आमच्याच विभागात दोन मते आहेत. तो वाद ईमेलमध्ये आणू नका. जीएसटी बिलावर वेगळा दाखवला असेल तर टीडीएस त्यावर कापायचा नसतो, एवढे तुमच्या वाक्यातून कळते आणि तेवढे पुरे.

शेवटची ओळ फार चांगली आहे. मला फक्त दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. हीच देय तारीख, याच शब्दांत, पीडीएफवरही छापा. आमच्याकडे पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये चढते आणि ईमेल मागेच राहतो, तर कधी साहेबांना ईमेल पुढे जातो पण जोडपत्र गळते. दोन्हींपैकी एकच हाती आले तरी काम भागले पाहिजे. दुसरे, नवे बिल मागच्या ईमेलला उत्तर म्हणून पाठवू नका. खाली जुना मजकूर लोंबत राहतो, त्यात जुनी तारीख आणि तुमच्या बाबतीत तर जुना आयएफएससीही असेल. दर बिलाला नवा, कोरा ईमेल.

उसाचाफड
माझा वेगळा धागा काढला आहे, जाणकारांनी तिकडे यावे. पण एक विचारतो, "कृपया लवकर पैसे पाठवावेत" असे लिहूच नये का? आमच्याकडे इतके कोरडे लिहिले तर माणसे दुखावतात.

बंदरावरचा
आदराने लिहावे, पण "लवकर" ही तारीख नव्हे. "महिनाअखेरपर्यंत" हाही शब्द टाळावा, कारण बिल २८ तारखेला पोहोचले तर कोणत्या महिन्याची अखेर, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

मायक्रॉन
आज २३ ऑगस्ट. जूनच्या बिलाचे पैसे काल जमा झाले. त्यांनी चूक मान्य करून तारीख दुरुस्त केली, पण पैसे लगेच सोडता आले नाहीत, कारण त्यांच्याकडे देणी फक्त दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शुक्रवारी निघतात. काल चौथा शुक्रवार होता. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

त्यावरून नवा हिशेब मांडला. ताजे बिल मी १८ ऑगस्टला काढले, म्हणजे देय तारीख बुधवार, १७ सप्टेंबर. दुसरा शुक्रवार १२ तारखेला येऊन जातो, म्हणून पैसे थेट २६ सप्टेंबरला निघणार. काम १२ ऑगस्टलाच पूर्ण झाले होते. बिल १३ तारखेला काढले असते तर देय तारीख बरोबर १२ सप्टेंबर आली असती. पाच दिवसांच्या आळसाने चौदा दिवस गेले. देय तारीख दोन शुक्रवारांच्या मधे येत असेल, तर "१२ सप्टेंबरच्या फेरीत घ्यावे" अशी विनंती ईमेलमध्ये करावी का, की मुदतीआधी पैसे मागितल्यासारखे दिसेल?

खतावणी
लेखी विनंती करू नका, ईमेलमध्ये तिसरी तारीख येईल. फोनवर विचारा. आमच्याकडे तरी पाच दिवस आधीचे बिल फेरीत ओढून घेण्याचा अधिकार विभागप्रमुखाला असतो. तुमच्या ग्राहकाकडे तो कोणाला आहे, हे त्या मुलीलाच माहीत असेल.